कांदा चाळ आणि निर्यातबंदी: वर्षभराचं लेखन कसं आखायचं

तुम्ही विचारलंत म्हणून: "शेतीवरच्या ब्लॉगचं वर्ष आखताना कायम चालणारे लेख किती आणि ट्रेंडिंग बातम्या किती ठेवायच्या? वाचक तर बातमीलाच जास्त येतात."

येतात, पण दोन-तीन दिवस. म्हणून आकड्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. तारखा लावायच्या त्या बारमाही लेखांना, आणि बातमीसाठी नुसती जागा मोकळी ठेवायची. कांद्याचंच उदाहरण घेऊ, कारण या पिकात दोन्ही प्रकारचं लेखन भरपूर लागतं.

दोघं मिळून आठवड्याला दोन लेख नीट लिहू शकत असाल, तर वर्षाच्या जागा 104 होतात. गणपती, दिवाळी, आजारपण यांच्या आठ आधीच वजा करा. उरलेल्या 96 पैकी 40 नवे बारमाही लेख, 24 जुन्या लेखांची दुरुस्ती, 12 तारीख साधारण माहीत असलेल्या बातम्या आणि 20 जागा कोऱ्या, अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते. दुरुस्तीच्या 24 जागा बहुतेक जण धरतच नाहीत, आणि तिथेच पुढचं सगळं बिघडतं.

बारमाही म्हटलं तरी त्या लेखाला हंगाम असतोच. रब्बी कांदा मार्च ते मे या काळात निघतो. कांदा चाळ किती रुंद असावी, तळाशी हवा खेळायला किती जागा सोडावी, माना पडल्यावर काढणी कधी करावी, पात कापताना मान किती ठेवावी, हे प्रश्न त्याच्या थोडं आधीपासून विचारले जातात. trends.google.com वर महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख काढा आणि चढ कोणत्या आठवड्यात सुरू होतो ते बघा. लेख त्याच्या दोन-तीन महिने आधी बाहेर पडला पाहिजे, कारण नवीन पान शोधात स्थिरावायला वेळ लागतो. चाळीचा लेख एप्रिलमध्ये टाकला, तर तो वर येईपर्यंत कांदा चाळीत गेलेला असतो. म्हणजे तो जानेवारीत, आणि खरीप रोपवाटिकेचा लेख मार्चमध्ये. चाळीसही लेख असे उलटे मोजत बसवा.

तारीख माहीत असलेल्या बातम्या सोप्या. 1 फेब्रुवारीचा अर्थसंकल्प, एप्रिलमधला हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाज, मे-जूनमध्ये खरिपाचे आणि बहुधा ऑक्टोबरमध्ये रब्बीचे हमीभाव. यांचा सांगाडा आधीच लिहून ठेवायचा: मागच्या वर्षीचा आकडा, तो कसा ठरतो, शेतकऱ्याला काय करावं लागेल. त्या दिवशी फक्त नवा आकडा आणि दोन परिच्छेद भरायचे.

खरी कसोटी अचानक येणाऱ्या बातमीची. कांदा निर्यातीचा क्रम आठवून बघा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावात माल बाहेर पाठवता येईना. 8 डिसेंबरपासून थेट बंदी. मार्च 2024 मध्ये ती बंदी लांबवली. 4 मे रोजी बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. वीस महिन्यांत सात निर्णय.

प्रत्येक वेळी नवी पोस्ट टाकली, तर सात पानं तयार होतात आणि सातही "आता" अशा भाषेत बोलतात. 2025 मध्ये कुणी "कांदा निर्यात बंदी" शोधलं, तर त्याच्यासमोर डिसेंबर 2023 चं पान येऊ शकतं, कारण त्या दिवशी ते सर्वांत जास्त वाचलं गेलं आणि त्याला दुवेही मिळाले. चाळीतला माल आज काढावा की थांबावं हे ठरवणारा माणूस त्यावर विसंबतो. आमच्या मते बातम्यांवर चालणाऱ्या शेती ब्लॉगकडून होणारं हे सर्वांत मोठं नुकसान आहे.

म्हणून या विषयाचं पान एकच, पत्ता `/kanda-niryat-shulk/`, त्यात वर्ष घालायचं नाही. सर्वांत वर आजची स्थिती दोन ओळींत. त्याखाली शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि नेमकं काय बदललं. मग तारीखवार तक्ता. आणि खाली तो भाग जो निर्णय बदलला तरी बदलत नाही, म्हणजे हिशेब. 550 डॉलरवर 40 टक्के शुल्क म्हणजे 770 डॉलर. तेव्हाच्या साधारण 83 रुपयांच्या दराने ते टनाला सुमारे 64 हजार रुपये, किलोला 64. एवढी किंमत परदेशातल्या गिऱ्हाइकाने मोजली तरच माल बाहेर जाणार. बंदी उठूनही बाजारभाव अपेक्षेइतका का चढत नाही, हे वाचकाला इथे कळतं, आणि पुढच्या वेळी आकडे बदलून तो स्वतः हा हिशेब करू शकतो.

बातमी आली की कोऱ्या जागेत त्याच दिवशी तीन-चारशे शब्दांची छोटी पोस्ट टाका: निर्णय काय, कधीपासून, कुणाला लागू. तिसऱ्याच ओळीत कायमच्या पानाचा दुवा. त्याच दिवशी ते कायमचं पानही बदला, उद्यावर टाकू नका. महिन्याभराने छोट्या पोस्टचा पत्ता 301 ने, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने, मोठ्या पानाकडे वळवला, की दुवेही तिथेच जमा होतात. मजकूर न बदलता नुसती तारीख पुढे ढकलणं मात्र टाळा. गूगलही असं करू नका म्हणतं, आणि वाचकाचा तर विश्वासच जातो.

वीस कोऱ्या जागा वर्षभर सारख्या पसरू नका. ऑगस्ट ते डिसेंबरात बारा ठेवा, कारण तेव्हा चाळीतला साठा संपत येतो, भाव चढतो आणि सरकार हात घालतं. महिनाअखेर कोरी राहिलेली जागा दुरुस्तीला द्या.

दुरुस्ती कशाची करायची, तेही बातमीच सांगते. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला आणि 2025 च्या खरिपात बंद झाला. मग खरिपातल्या अन्नधान्याला आणि तेलबियांना विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. "पीक विमा कसा भरावा" हा लेख बारमाहीच, पण त्यातली "फक्त एक रुपया" ही ओळ तशीच राहिली तर अख्खा लेख चुकीचा ठरतो. म्हणून प्रत्येक बारमाही लेखापुढे वहीत एक रकाना ठेवा: सरकारच्या कोणत्या निर्णयाने हा लेख खोटा पडेल? चाळीच्या रुंदीपुढे काही येणार नाही, चाळीच्या अनुदानापुढे येईल.

आखणी बिघडतेय हे गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसतं. एकाच शोधशब्दावर तुमची दोन पानं आलटून पालटून वरखाली होत असतील, तर ती एकमेकांचे वाचक खात आहेत. एक ठेवा, दुसऱ्यातलं कामाचं त्यात आणा आणि दुसरं वळवा. मात्र तिथे फक्त 16 महिन्यांचा डेटा राहतो. चाळीच्या लेखाचा यंदाचा एप्रिल दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलशी ताडून बघायचा असेल, तर दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फाइल उतरवून घ्या, आणि नवं वेळापत्रक ती उघडून समोर ठेवूनच मांडा.