पूरप्रवण एमआयडीसीतल्या जोखमीला मर्यादा घालणारा मेमो : माझा अनुभव

सर्वसाधारण विमा कंपनीत मी मालमत्ता विम्याचं अंडररायटिंग, म्हणजे कुठली जोखीम किती घ्यायची ते, बघते. आमच्या पुनर्विमा ट्रीटीचं, म्हणजे आमच्या जोखमीचा भाग उचलणाऱ्या कंपन्यांशी असलेल्या कराराचं, नूतनीकरण 1 एप्रिलला होतं. त्याआधी दरवर्षी कुठल्या तरी एका भागात आपण किती अडकलोय, याचा हिशेब मागितला जातो. त्या वर्षी चिपळूण माझ्याकडे आलं. आमच्या प्रमुखांचा प्रश्न दोन ओळींचा होता : खेर्डीची एमआयडीसी आणि आसपास एका पुरात आपलं जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, आणि ते किती असायला हवं? उत्तराचा मेमो जोखीम समितीपुढे मंजूर होईपर्यंत अर्धा हिवाळा गेला. (खाली आमचे आकडे बदललेत, प्रमाण ठेवलंय.)

22 जुलै 2021 विम्यात काम करणारे विसरलेले नाहीत. रात्रीत वाशिष्ठी चढली आणि सकाळी चिपळूण शहर पाण्याखाली होतं. या नदीच्या खोऱ्यात घाटमाथ्याचा पाऊस येतो. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी कोळकेवाडीमार्गे हिच्यातच उतरतं. खाली दाभोळ खाडीच्या भरतीचा फुगवटा शहरापर्यंत पोचतो, तो नदीचं पाणी पुढे सरकू देत नाही. नंतर पात्रातला गाळ काढला गेला, पूररेषांवरून वादही झाले. मला त्या वादात शिरायचं नव्हतं. मला एवढंच पुरे होतं की इथे पाणी झपाट्याने चढतं आणि रात्री चढलं तर कोणाला माल हलवायला वेळ मिळत नाही.

पहिलं काम यादीचं. आमच्या सिस्टिममध्ये पिनकोड टाकून ‘चिपळूण’ काढलं, तर एकूण विमा रक्कम 610 कोटी दिसली. त्या आकड्यावर मेमो लिहिला असता तर समितीने तो भाग बंदच केला असता, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत पठारावर आहे, तिथे वाशिष्ठीचं पाणी चढत नाही. पण तिथले काही कारखाने चिपळुणातल्या ऑफिसच्या पत्त्यावर नोंदलेले होते. उलटंही होतं. खेर्डीतल्या एका मोठ्या युनिटची पॉलिसी मुंबईतून निघालेली, म्हणून तिचा पत्ता मुंबईचा. भाड्याच्या गोदामातला माल फ्लोटर पॉलिसीत होता, त्यात चार शहरांची नावं आणि रक्कम एकच. फ्लोटरमध्ये सगळा माल एकाच ठिकाणी असू शकतो, म्हणून तिथे मी पूर्ण रक्कम खेर्डीत धरली. शाखेला हे पटलं नाही. त्यांनी गेल्या पावसाळ्यातले साठ्याचे महिनावार आकडे आणून दिले, तेव्हा मी रक्कम निम्मी केली.

मग सहविमा, म्हणजे एकच जोखीम अनेक कंपन्यांनी वाटून घेणं. जिथे आपण लीडर आहोत तिथे सिस्टिम शंभर टक्के रक्कम दाखवते, जिथे फॉलोअर आहोत तिथे फक्त आपला हिस्सा. हे सगळं निस्तरल्यावर खेर्डी आणि गाणे-खडपोली या वसाहती मिळून आमच्या हिश्शाची रक्कम 240 कोटींवर आली.

आता प्रश्न होता की यातलं एकाच वेळी किती बुडेल. उपग्रहाच्या उंचीच्या फुकट नकाशावर मी प्लॉट टाकून पाहिले. पण त्यात दोन-तीन मीटर इकडेतिकडे सहज होतात, आणि आमचा सगळा खेळच दोन-तीन मीटरचा. पाटबंधारेवाल्यांच्या पूररेषा उपयोगी पडल्या : निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तरी रेषा जमिनीवरून जाते, आणि माल जोत्यावर असतो. म्हणून फेब्रुवारीत एका सर्व्हेअरला घेऊन मी स्वतः गेले. 2021 मधले तिथले बरेच दावे त्यांनी पाहिले होते.

त्या फेरीतून जे मिळालं ते कुठल्याही मॉडेलमधून मिळालं नसतं. भिंतीवरची गाळाची रेघ रंगाखाली गेली तरी विजेच्या मीटरच्या पेटीमागे, जिन्याखाली, शौचालयाच्या दारामागे राहते. सर्व्हेअर तिथे टेप लावायचे आणि रस्त्याच्या मधोमधपासूनची उंची लिहून घ्यायचे. एका आवारात 2005 ची आणि 2021 ची अशा दोन खुणा होत्या, दुसरी वर. वॉचमननेच त्या तेलरंगाने करून ठेवल्या होत्या. “मॅडम, मालक म्हणतात पुसून टाक, गिऱ्हाईक घाबरतं.”

उंचीइतकाच धंद्याचा प्रकार महत्त्वाचा निघाला. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी आलं तर मोटारी आणि पॅनेल जातात, बाकीचं धुऊन, तेल लावून बरंच वाचतं. तेवढंच पाणी पॅकेजिंगच्या किंवा खाद्यपदार्थांच्या गोदामात आलं की भिजलेल्या मालाला भंगाराचाही भाव येत नाही. वरच्या रॅकवरचा कोरडा माल दमट हवेने आठवड्यात खराब होतो. पॅनेल आणि जनरेटर जमिनीवर आहेत की मचाणावर, हा एकच प्रश्न प्रस्तावाच्या अर्जात असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

परत आल्यावर 240 कोटींचे तीन भाग पाडले. नदीलगतच्या खोलगट पट्ट्यात 130 कोटी, मधल्या भागात 70, उंचावर 40. 2021 सारखं पाणी आलं तर खोलगट भागात सरासरी 40 टक्के नुकसान धरलं, म्हणजे 52 कोटी. मधल्यात 15 टक्के, म्हणजे साडेदहा. उंचावर शून्य. त्याच कारखान्यांच्या नफा-तोटा पॉलिसींचे, म्हणजे काम बंद पडल्याने बुडणारा नफा भरून देणाऱ्या पॉलिसींचे, साडेसात कोटी मिळवून 70 कोटी झाले. आपत्तीच्या पुनर्विम्याआधी आम्ही स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम 25 कोटी होती.

“पुनर्विमा आहे ना, मग 70 काय नि त्याहून कमी काय?” हा प्रश्न समितीत येणार हे माहीत होतं. याचं उत्तर मी थायलंडमधून घेतलं. 2011 च्या पुरात चाओ फ्राया नदीच्या मैदानातल्या अयुथया आणि पथुम थानी भागांतल्या सात औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. प्रत्येक कारखान्याची पॉलिसी वेगळी, पण पाणी एकच. जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी अब्जावधी डॉलर भरले, आणि पुढच्या नूतनीकरणात तिथे पुराला वेगळी, लहान मर्यादा घातली. पुनर्विमा पैसे देतो आणि पुढच्या वर्षी त्याचा हिशेब मागतो. शिवाय आमच्या ट्रीटीत पुराची एक घटना म्हणजे 168 तास. दहा दिवसांनी नदी पुन्हा चढली तर ती दुसरी घटना, आणि आमचे 25 कोटी दुसऱ्यांदा.

मेमोत मी एका घटनेची मर्यादा 45 कोटी सुचवली. ही मर्यादा अपेक्षित नुकसानीवर होती, विमा रकमेवर नव्हती, आणि सगळ्यात जास्त वाद यावरच झाला. विमा रकमेवर मर्यादा घालणं तपासायला सोपं असतं, ऑडिटला आवडतं. पण त्यात उंचावरच्या फॅब्रिकेशन शेडचा एक कोटी आणि नदीकाठच्या खोक्यांच्या गोदामाचा एक कोटी सारखाच मोजला जातो. मग शाखा चांगला धंदा नाकारते आणि वाईट धंदा आधीच आत बसलेला असतो.

70 वरून 45 वर यायचं कसं? वजावट, म्हणजे दाव्यातला ग्राहकाने स्वतः सोसायचा भाग, वाढवण्याचा सल्ला सगळे देतात. नैसर्गिक आपत्तीत दाव्याच्या 5 टक्के वजावट आधीच असते. 20 कोटींच्या दाव्यात ती एक कोटी होते. दुप्पट केली तरी आमचं ओझं फारसं हलत नाही, ग्राहक मात्र चिडतो.

लहान युनिट्सना तर हातच लावता येत नव्हता. 1 एप्रिल 2021 पासून एका ठिकाणी 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्यापुढे 50 कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा, या ठरावीक मजकुराच्या पॉलिसी आहेत. त्यांत पूर अंगभूत आहे. तो वगळून किंवा त्याला छोटी मर्यादा लावून आम्ही ती पॉलिसी विकू शकत नव्हतो. खोलगट भागात अशा पॉलिसींचे 25 कोटी होते, म्हणजे अपेक्षित नुकसान 10 कोटी. ते तसेच ठेवले. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पूर आल्यावर विम्याची खरी गरज त्यांनाच असते.

म्हणजे कात्री लागणार ती मोठ्या तिघांना. पहिल्याचा आमचा हिस्सा 50 कोटी, अपेक्षित नुकसान 20. त्याला पुरासाठी 10 कोटींची सब-लिमिट, म्हणजे पुराचा दावा कितीही असला तरी त्यापुढे भरायचं नाही. दुसऱ्याचे 30 कोटी, नुकसान 12, त्याला सहाची. तिसऱ्याच्या 25 कोटींपैकी 60 टक्के फॅकल्टेटिव्ह पुनर्विम्यात, म्हणजे त्या एकाच पॉलिसीपुरत्या पुनर्विम्यात, देऊन 10 चे 4 करायचे, अर्थात तेवढा प्रीमियमही सोडायचा. नफा-तोटा पॉलिसीत सुरुवातीचे सातऐवजी चौदा दिवस वगळायचे, त्यात तीन कोटी सुटत होते. दहा, सहा, सहा आणि तीन मिळून पंचवीस.

कागदावर हे जुळलं. मग शाखाधिकाऱ्यांचा फोन आला. “मॅडम, सब-लिमिटची पॉलिसी बँक घेणार नाही. कर्जाच्या करारात पूर्ण विमा लिहिलाय.” त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे सब-लिमिट लावण्याआधी ग्राहकाने बँकेचं लेखी संमतिपत्र आणायचं, आणि ते 15 मेपर्यंत आलं नाही तर पूर्ण संरक्षण देऊन जादाचा भाग फॅकल्टेटिव्हमध्ये टाकायचा, असं कलम मेमोत घातलं. एक सवलतही ठेवली : पॅनेल, जनरेटर आणि तयार माल भिंतीवरच्या खुणेच्या वर नेल्याचा सर्व्हेअरचा दाखला आला, तर नुकसानीची टक्केवारी पुन्हा मोजायची आणि सब-लिमिट त्या प्रमाणात वाढवायची.

समितीने 45 चा आकडा मान्य केला, पण खोलगट भागात नवा धंदा सरसकट बंद करायची माझी सूचना फेटाळली. त्याऐवजी कोटेशन देण्याआधी शाखेने मुख्यालयाकडून शिल्लक मर्यादा विचारायची, असं ठरलं. मला ते ढिलं वाटलं, अजूनही वाटतं. जूनच्या गर्दीत हा फोन कोण करतं?

दुसऱ्या ग्राहकाने भिंतीलगत मचाण बांधून पॅनेल वर नेली. पहिल्याने सब-लिमिट नाकारली आणि पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, पूर्ण पूर संरक्षणासह. महिन्याभरात त्याच कंपनीकडून आम्हाला सहविम्याची विचारणा आली : त्याच कारखान्याचे 20 टक्के घेणार का? शीटमध्ये त्याच्या नावापुढे शून्य केलं होतं, तिथे 10 कोटी टाकून पाहिले. अपेक्षित नुकसान 4 कोटी येत होतं. पहिल्याची जागा आता रिकामी होती, म्हणून ते मर्यादेत बसत होतं. आम्ही हो म्हटलं.