तुम्ही विचारलंत म्हणून: शब्दकोडं सुटतं, ओटीपी का अडतो?

“सर, आमच्या वडिलांना पेपरातलं शब्दकोडं चहा संपायच्या आत सुटतं. पण मोबाईलवरून पैसे पाठवायला कितीदा शिकवलं तरी गाडी अडतेच. वयानं डोकं कमी चालायला लागतं की नाही?”

कमी चालायला लागतं, पण सगळीकडे सारखं नाही. मी मानसशास्त्र शिकवायचो, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये बुद्धीचे दोन भाग मांडले आणि पुढे जॉन हॉर्न या त्याच्या विद्यार्थ्यानं ते पारखून वाढवले. नवीन, कधी न पाहिलेल्या गोष्टीची उकल करणारी ती प्रवाही बुद्धिमत्ता. शिकून, वापरून साठलेली ती स्फटिकी. पहिली विशी-तिशीपासूनच हळूहळू उतरू लागते. शब्दसंग्रहासारखी दुसरी साठीपर्यंत वाढत राहते आणि त्यानंतरही बरीच वर्षं फारशी ढळत नाही.

उतरते ती का? टिमथी सॉल्टहाउस या संशोधकाच्या मते मूळ कारण वेग. मेंदूचं एकेक काम थोडं सावकाश होऊ लागलं की नुसता उशीर होतो असं नाही, दुसरी पायरी येईपर्यंत पहिली मनातून निसटलेली असते. तुमच्या वडिलांचं नेमकं हेच होतं. मेसेजमधला सहा आकडी ओटीपी वाचायचा, तो मनात धरून दुसऱ्या ॲपवर जायचं, चौकट शोधायची, आणि वर घड्याळ उलटं मोजतंय. शब्दकोड्यात मात्र “पाच अक्षरी, श्रावणातला सण” हे वाचताक्षणी नागपंचमी आपोआप पुढे येते.

आता खरी गंमत. सॉल्टहाउसनं १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षांच्या टायपिस्टांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अक्षर दिसलं की बटण दाबा, अशा साध्या चाचणीत वयस्क टायपिस्ट तरुणांपेक्षा हळू होते. बोट भराभर आपटण्यातही हळू. टायपिंगच्या वेगात मात्र वयामुळे फरक पडत नव्हता! मग त्यानं पडद्यावर पुढची किती अक्षरं दिसावीत हे आपल्या हातात घेतलं. मजकूर एकेक अक्षर करून दाखवला की सगळ्यांचाच वेग कोसळायचा, कारण प्रत्येक अक्षर ही नवीन चाचणी व्हायची. खिडकी हळूहळू रुंद केली तेव्हा कळलं, की नेहमीचा वेग गाठायला वयस्कांना पुढची जास्त अक्षरं दिसावी लागतात. म्हणजे हाताचा गेलेला वेग ते डोळ्यानं आगाऊ वाचून भरून काढत होते.

आपल्या सोलापुरात कोर्टाबाहेर बसणाऱ्या जुन्या टायपिस्टांकडे बघा. वकिलाच्या हातच्या खरडीवरून खरेदीखत उतरवताना बोटं “पूर्वेस” वर असतात आणि नजर पश्चिमेच्या शेजाऱ्याचं नाव लावत असते. “येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत” हे तर ते वाचतही नाहीत. त्यामुळे त्या वेळात पुढचा गट नंबर नीट पाहून होतो.

पण या साठ्याला कुंपण असतं. हेच काका टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी सोडून संगणकाच्या इनस्क्रिप्ट मांडणीवर बसले तर पहिले काही आठवडे नवख्यासारखे अक्षर शोधतील, कारण बोटांचा साठा त्या कळफलकाचा नाही. टायपिस्टांच्या त्या चाचणीतही हेच दिसलं होतं: कामातली हुशारी साध्या बटणाच्या चाचणीत उपयोगी पडली नव्हती. अभ्यासावर एक रास्त शंकाही घेता येते. ज्यांचा वेग फारच उतरला ते धंदा सोडून गेले असतील, आणि मोजमाप झालं ते टिकलेल्यांचं.

म्हणून शब्दकोड्यानं मोबाईल सुधारेल अशी आशा धरू नका. वडिलांना एकच ॲप द्या आणि ते बदलू नका. पायऱ्या त्यांच्याच अक्षरात वहीत उतरवून घ्या, ओटीपी कागदावर लिहायला सांगा (आणि काम झालं की कागद फाडायला), आणि पहिल्या वेळी दहा रुपये तुम्हालाच पाठवू द्या. शेजारी बसून “अहो बाबा, ते नाही, ते वरचं!” म्हणत घाई केलीत, तर आधीच अडलेलं काम आणखी अडेल.

नाव ओठांवर येऊन अडणं, आणि पहिलं अक्षर सांगताच आठवणं, हे वयाचं नेहमीचं आहे. शब्द आहे, बाहेर यायला उशीर लागतो इतकंच. उलट शब्दकोडं आता सुटेनासं झालं, रोजच्या वस्तूचं नाव सांगूनही ओळख पटेना, वर्षानुवर्षं सवयीचा पेन्शनचा हिशोब चुकायला लागला, तर मात्र “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. जे टिकायला हवं तेच ढळतंय, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.