शून्याच्या जागी रिंगण

गेल्या मार्चमधली गोष्ट. परभणीतल्या भाड्याच्या खोलीत बसून मी कापसावरच्या गुलाबी बोंडअळीच्या मॉडेलचा प्रोग्रॅम तपासत होतो. पीएचडीचा हा सगळ्यात सोपा भाग, असं तेव्हा वाटत होतं.

मॉडेल साधं होतं. अंड्यापासून पतंगापर्यंतचं आयुष्य महिनाभराचं धरलं, वयाचे ३० गट केले, एक गट म्हणजे एक दिवस. रोज शंभरातले नव्वद जगतात आणि पुढच्या गटात सरकतात. म्हणून ३० बाय ३० मॅट्रिक्समध्ये मुख्य कर्णाच्या लगेच खालच्या तिरप्या ओळीत ०.९, बाकी सगळं शून्य. त्यात उजवीकडचा वरचा कोपरा महत्त्वाचा, कारण शेवटच्या दिवशीच्या पतंगांनी घातलेली अंडी तिथे येतात. उन्हाळ्यात शेतात पऱ्हाट्या उपटलेल्या, फरदड म्हणजे मोसमानंतरही राखलेली कपाशी ठेवलेली नाही, म्हणून तिथेही शून्य. (खरी अळी सुप्तावस्थेत जाऊन उन्हाळा काढते, हे मला माहीत होतं. पण आधी सोपं गणित बरोबर यावं, मग तो गट जोडू, असा विचार होता.)

नवी अंडीच नाहीत म्हटल्यावर तीस दिवसांत सगळी अळी संपते. मॅट्रिक्सचा तिसावा घात शून्य येतो, आणि त्यामुळे तिसही आयगेनव्हॅल्यू शून्य असतात. संगणकानंही शून्यच दाखवलं. गाइड सर म्हणाले, "आधार बदलून बघा. आधार बदलला तरी आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत, प्रोग्रॅमची तेवढी परीक्षा होऊन जाईल." मी रँडम फिरवणी घेऊन मॅट्रिक्स फिरवलं:

```python
import numpy as np
n = 30
A = np.diag([0.9]*(n-1), -1)
Q, _ = np.linalg.qr(np.random.randn(n, n))
B = Q @ A @ Q.T
print(abs(np.linalg.eigvals(A)).max())
print(abs(np.linalg.eigvals(B)).max())
```

पहिला आकडा शून्य. दुसरा ०.३ च्या जवळपास. आलेख काढला तर तीस ठिपके शून्याभोवती रिंगण धरून उभे, वारीत धरतात तसे. मला वाटलं, फिरवणीच चुकली. `Q` तपासला, `Q @ Q.T` तपासला, सगळं ठीक. मग `B` आणि `B.T` दोघांच्या आयगेनव्हॅल्यू काढल्या. कागदावर त्या एकच असायला हव्यात. इथे दोन वेगळी रिंगणं आली. दोन दिवस मी लायब्ररीलाच शिव्या देत होतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजातले एक निवृत्त गणिताचे सर भेटले, त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. ते बघून हसले. म्हणाले, "कामून घाबरता? संगणकानं उत्तर बरोबरच दिलंय. फक्त ते तुमच्या मॅट्रिक्सचं नाही, त्याच्या शेजारच्या मॅट्रिक्सचं आहे."

त्यांनी वहीत बाकी सगळं तसंच ठेवून फक्त त्या वरच्या कोपऱ्यात शून्याच्या जागी ε लिहिलं. आता आयगेनव्हॅल्यूचं समीकरण असं होतं:

`λ^30 = 0.9^29 · ε`

म्हणजे ε चं तिसावं मूळ काढायचं. आकडे साठवताना संगणकाची नेहमी होणारी बारीक चूक `1e-16` च्या घरातली असते. `1e-16` चं तिसावं मूळ जवळपास ०.२९ येतं, त्याला ०.९ नं गुणलं की ०.२६. तीस मुळं, सगळी एकाच अंतरावर, म्हणून रिंगण. फिरवताना प्रत्येक जागी असा बारीक कचरा पडतोच, त्यातला थोडा मूळ आधारात बघितला तर नेमका त्या कोपऱ्यात येतो. न फिरवलेल्या `A` मध्ये मात्र पुसटही कचरा नव्हता, शिवाय त्रिकोणी मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू कर्णावरच वाचता येतात, म्हणून तिथे नेमकं शून्य आलं.

मला पटेना. इतका क्षुल्लक कोपरा एवढं कसं हलवेल? सर म्हणाले, "त्या कोपऱ्याचा अर्थ काय आहे तुमच्या शेतात?" तिथे डोक्यात उजेड पडला. कोपरा म्हणजे साखळीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडणारी फट. ती बंद असली की एकेरी वाट, सगळं पुढे सरकून संपतं. केसाएवढीही उघडली की चक्र पूर्ण होतं. आयगेनव्हॅल्यू हा रोजचा गुणक असतो आणि चक्र पूर्ण व्हायला तीस दिवस लागतात, म्हणून महिन्याच्या फेरीतला इवलासा फरक रोजच्या हिशोबात तिसाव्या मुळानं फुगतो. साखळी जितकी लांब, तितका फुगवटा जास्त.

मग मी उलटा हिशोब केला. रोजचा गुणक ०.२६ धरला तर तीस दिवसांनी काय उरेल? ०.२६ चा तिसावा घात `3e-18` च्या आसपास, म्हणजे काहीच नाही. `B` चा तिसावा घातही काढून बघितला, दशांशचिन्हानंतर निदान चौदा-पंधरा शून्यं. म्हणजे आयगेनव्हॅल्यू शून्यावरून पार ०.३ च्या जवळ उडाली, पण अळी जशी मरायची तशीच मेली. माझ्या मामांचं शेत सेलूकडे आहे, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अळीला कुठं माहीत असतंय तुझ्या वहीत काय लिहिलंय."

सममित मॅट्रिक्समध्ये ही पंचाईत होत नाही. तिथे आयगेनव्हॅल्यू बदलाच्या मापापेक्षा जास्त हलूच शकत नाही. कारण समजायला सरांनी दोन बाय दोनचं मॅट्रिक्स दिलं: वरच्या ओळीत १ आणि १००००, खालच्या ओळीत ० आणि १.०१. आयगेनव्हॅल्यू १ आणि १.०१, वेगवेगळ्या आहेत, म्हणजे माझ्यासारखं एकाच जागी ढीग झालेलं नाही. १ साठी उजवा व्हेक्टर (१, ०), डावा (१, −१००००००). सममित असतं तर दोन्ही एकच असते. इथे ते जवळजवळ काटकोनात आहेत. दोघांची लांबी एक करून गुणाकार घेतला तर दहालाखांश येतो, आणि त्याचा उलटा, दहा लाख, हा त्या आयगेनव्हॅल्यूचा नाजूकपणा. खालच्या शून्याच्या जागी `1e-9` ठेवलं की १ ची ०.९९९०८ झाली. अंदाज ०.९९९ चा होता, म्हणजे बराच जवळ. `1e-8` ठेवलं तर अंदाज ०.९९, पण खरं उत्तर ०.९९३८. दोन आयगेनव्हॅल्यूंमधलं अंतरच ०.०१ असताना बदल तेवढाच मोठा झाला की हा सरळ रेषेतला अंदाज फसतो.

आता कुठलंही असममित मॅट्रिक्स हाती आलं की मी दोन गोष्टी करतो. `scipy.linalg.eig` ला `left=True` देऊन डावे-उजवे व्हेक्टर घेतो आणि त्यांचा गुणाकार बघतो. दुसरं म्हणजे मुद्दाम `1e-10` एवढा रँडम कचरा मिसळून पुन्हा चालवतो. बोंडअळीच्या मॅट्रिक्सचं रिंगण ०.४२ च्या आसपास गेलं. माझा ०.९ हा आकडाच शेतावरच्या मोजणीतून आलेला, त्यात दुसरा दशांशही खात्रीचा नाही. अशा मोजणीवर आयगेनव्हॅल्यूचे चार दशांश छापणं म्हणजे स्वतःची फसवणूक झाली असती.

शोधप्रबंधाच्या त्या प्रकरणातून मी आयगेनव्हॅल्यूचा तक्ता काढून टाकला. त्याऐवजी मॅट्रिक्सच्या १, १०, २०, ३० आणि ६० व्या घाताचं माप दिलं, फरदड ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या शेतासाठी वेगवेगळं. गाइड सरांनी पहिल्या वाचनात विचारलं, आयगेनव्हॅल्यू कुठे गेल्या? मी रिंगणाचा आलेख पुढे केला. आता तो परिशिष्टात आहे.