ड्रॉ.आयओचा फ्लो डायग्राम पीपीटीत नीट एडिटेबल कसा केला, माझा अनुभव

मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका केमिकल युनिटमध्ये ट्रेनिंगचं काम बघते. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, ऑपरेटर लोकांसाठी स्लाइड्स करायच्या होत्या आणि प्लांटचा फ्लो डायग्राम कन्सल्टंटकडून एसव्हीजी फाइलमध्ये आलेला, ड्रॉ.आयओमध्ये काढलेला. साहेबांचं म्हणणं असं की बेन, फोटो नको, उद्या एक टाकी वाढली तर आपल्याला स्वतःला बदलता आलं पाहिजे, आणि प्रत्येक टाकीखाली गुजरातीत नाव पण पाहिजे. म्हणजे डबे, बाण, अक्षरं सगळं पॉवरपॉइंटचं स्वतःचं हवं.

फाइल इन्सर्ट केल्याबरोबर अक्षरांचाच गोंधळ दिसला, काही नावं अर्धवट तुटलेली आणि खाली एक बारीक ओळ, `Text is not SVG - cannot display`. ही ओळ दिसली की पुढे काही करत बसू नका, आधी एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडा आणि `foreignObject` शोधा. ड्रॉ.आयओ लेबलं वेबपेजसारखी एचटीएमएलमध्ये ठेवतं आणि ती या `foreignObject` मध्ये भरतं, ब्राउझरला ते वाचता येतं म्हणून तिथे सगळं छान दिसतं, पॉवरपॉइंटला येत नाही. त्यामुळे हा दोष पॉवरपॉइंटमध्ये कितीही खटपट केली तरी सुटत नाही, मूळ फाइलमध्येच सोडवावा लागतो.

आमच्या एसव्हीजीमध्ये डायग्रामची कॉपी आत ठेवलेली होती (एक्सपोर्ट करताना तसा टिक असतो), त्यामुळे तीच फाइल परत ड्रॉ.आयओमध्ये उघडली. सगळं सिलेक्ट करून उजवीकडच्या `Text` टॅबमध्ये `Word Wrap` आणि `Formatted Text` दोन्हीचे टिक काढले. वर्ड रॅप गेल्यावर लांब नावं एका ओळीत डब्याच्या बाहेर धावतात, तिथे स्वतः एंटर मारून ओळ तोडायची. मग परत एसव्हीजी एक्सपोर्ट. आता नोटपॅडमध्ये साधे `<text>` दिसतात.

याच वेळी साइजचं पण बघून घ्या, नंतर फार त्रास होतो. वाइडस्क्रीन स्लाइड 13.33 बाय 7.5 इंच असते, म्हणजे 96 डीपीआयने 1280 बाय 720 पिक्सेल. डायग्राम तेवढ्यात बसवून घेतला की स्लाइडवर ओढून ताणावा लागत नाही, आणि 16 पिक्सेलचं अक्षर बरोबर 12 पॉइंटचं येतं. शेप झाल्यावर ग्रुप ओढून लहानमोठा केला तर डबे बदलतात, अक्षरांची साइज तशीच राहते, मग लोकांना वाटतं की टेक्स्ट सरकलं.

आता नवी एसव्हीजी स्लाइडवर इन्सर्ट करून `Graphics Format` मधून `Convert to Shape`, मग कंट्रोल शिफ्ट जी ने अनग्रुप, आणि ऑल्ट एफ10 ने सिलेक्शन पेन उघडला. इथे खरी परिस्थिती कळते. डबे म्हणजे फ्रीफॉर्म, रेघा म्हणजे फ्रीफॉर्म, बाणाचं टोक रेघेपासून सुटं असलेलं एक छोटं त्रिकोणी फ्रीफॉर्म, आणि दोन ओळींचं नाव असेल तर प्रत्येक ओळीचा वेगळा टेक्स्ट बॉक्स. एरेशन टँकचा डबा जरा सरकवून बघितला तर डबा एकटाच गेला, रेघ तिथेच आणि नाव पण तिथेच. रेघ कुठून कुठे जाते ही माहिती एसव्हीजीच्या रेघेत नसतेच, तिथे फक्त बिंदू असतात, त्यामुळे कन्व्हर्ट करताना पॉवरपॉइंटला कनेक्टर, म्हणजे डब्यांना चिकटून त्यांच्याबरोबर हलणारी रेघ, बनवायला काही हातातच नाही. म्हणून माझं ठाम मत असं झालंय की आलेल्या रेघा दुरुस्त करायच्या नाहीत, त्या गिरवायला ठेवायच्या, वरून खरे कनेक्टर काढायचे आणि जुन्या रेघा पुसायच्या.

पण त्याआधी डबे. फ्रीफॉर्मला कनेक्टर चिकटतो खरा, पण त्याचे जोडबिंदू कोपऱ्यांवर असतात, बाजूच्या मधोमध नाही, त्यामुळे बाण टाकीच्या कोपऱ्यात जाऊन घुसतो. प्रत्येक डबा सिलेक्ट करून `Edit Shape` मध्ये `Change Shape` आणि रेक्टँगल, जागा आणि रंग तेच राहतात आणि चार बाजूंच्या मधोमध चार बिंदू मिळतात. क्लॅरिफायर गोल होते त्यांना ओव्हल केलं, तिथे आठ बिंदू मिळतात.

नावं मी सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवलीच नाहीत, कट करून सरळ डब्याच्या आत पेस्ट केली, सेंटर आणि मिडल, आतली मार्जिन शून्य, आणि `Do not Autofit`. सुटा बॉक्स ठेवला तर फाँट बदलला की रुंदी बदलते आणि नाव एका बाजूला सरकतं, डब्याच्या आत असलं की फाँट कुठलाही येवो, मध्येच राहतं. गुजराती नावं एसव्हीजीमधून आणायच्या नादाला लागले नाही, ड्रॉ.आयओचा नेहमीचा हेल्वेटिका फाँट, त्यात गुजराती अक्षरं नाहीतच. ती इथेच निर्मला यूआयमध्ये टाइप केली, मात्रांमुळे ओळीला उंची जास्त लागते म्हणून डबे थोडे उंच केले.

मग कनेक्टर. `Elbow Arrow Connector` घेऊन डब्यावर नेला की राखाडी बिंदू दिसतात, त्यावरच सोडायचा. चिकटला की टोक हिरवं, नाही चिकटला तर पांढरं, त्यामुळे प्रत्येक रेघ क्लिक करून दोन्ही टोकं बघायची. आमच्याकडे सगळ्यात अवघड होती ती परतीच्या गाळाची लाइन, सेकंडरी क्लॅरिफायरमधून मागे एरेशन टँकला जाणारी. क्लॅरिफायरच्या खालच्या बिंदूतून काढून टँकच्या खालच्याच बिंदूत सोडली, आपोआप यू आकार आला, पिवळा ठिपका ओढून तो बाकीच्या लेबलांच्या खाली नेला.

दुसरी अडचण, जिथे दोन गाळाच्या लाइन एकत्र होऊन थिकनरकडे जातात तिथली. पॉवरपॉइंटमध्ये कनेक्टर दुसऱ्या कनेक्टरला चिकटत नाही, नुसता वर टेकवला तर चिकटल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच हलवाहलवीत सुटतो. तिथे रेघेच्याच रंगाचा एक अगदी छोटा गोल ठेवला आणि तिन्ही लाइन त्याला जोडल्या.

शेवटी काही सरळ वाटणाऱ्या लाइनमध्ये मधेच इवलीशी पायरी दिसायला लागली. ती बघितली की समजायचं दोन डब्यांचे मध्य केसभर वरखाली आहेत, एसव्हीजीतले दशांश तसेच उतरलेले असतात. दोन्ही सिलेक्ट करून `Align Middle` केलं की पायरी जाते, रेघेला हात लावायची गरज नाही.

साहेबांनी समोर बसून मध्ये एक सँड फिल्टर टाकायला लावला, पुढचे डबे उजवीकडे सरकवले आणि बाण बरोबर मागे आले. फक्त रेघांवरची लेबलं आली नाहीत, कारण कनेक्टरच्या आत टेक्स्ट लिहिताच येत नाही. जंक्शनच्या गोलाजवळचं लेबल मी त्या गोलाबरोबर ग्रुप केलंय, बाकीची डबे हलवल्यावर हाताने जागेवर न्यावी लागतात.