तुम्ही विचारलंत म्हणून: काठावरची पोरगी

"मॅडम, नर्सिंगच्या पेपराला पासिंगचे पन्नासातले 29 कुठून काढलेत? सरळ निम्मे 25 ठेवायला काय झालं होतं?"

गेल्या वर्षीच्या पेपरला 32 लागत होते, हेही सांगते, कारण त्यातच उत्तर आहे. तो पेपर सोपा होता, यंदाचा अवघड. 25 वर खुंटा ठोकून बसलं तर सोप्या पेपरात न येणारी पोरगी पास होते आणि अवघड पेपरात येणारी नापास होते, आणि उद्या रत्नागिरीतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीला तीच एकटी असणार आहे. म्हणून आम्ही आधी काठावरची पोरगी कशी असते ते ठरवतो, मार्क नंतर.

पद्धत आमची नाही, विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाते, 1971 पासूनची. पाच जाणकार बसवायचे; आमच्याकडे दोन ट्यूटर, ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर, एक मेडिकल ऑफिसर आणि एक रिटायर्ड ट्यूटर बाई होत्या. पहिला तास पेपर उघडायचाच नाही, नुसतं काठावरच्या पोरीबद्दल बोलायचं, म्हणजे वॉर्डात जेमतेम सोडता येईल अशी. तिला काय येतं, कुठे अडखळते, कधी न विचारता चुकीचं करते, हे सगळं फळ्यावर लिहायचं. मग प्रत्येक प्रश्नाला एकच विचारायचं: अशा 100 पोरी बसवल्या तर किती जणींचं बरोबर येईल? यायला हवं किती जणींचं ते नाही, येईल किती जणींचं.

एक प्रश्न सांगते. लावणीच्या दिवसांत बाईला फुरसं चावलंय, रक्त गोठतंय का ते बघायची 20 मिनिटांची टेस्ट करायची, तर रक्त कशात घ्यायचं? पर्याय चार: कोरडी नवी काचेची नळी, प्लॅस्टिकची नळी, ईडीटीएची नळी, साबणाने धुतलेली काचेची नळी. उत्तर पहिलं, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लॅस्टिकमध्ये ती नीट होत नाही, ईडीटीए तर रक्त गोठूच देत नाही आणि साबणाचा अंश राहिला तरी रिझल्ट फसतो.

पहिल्या फेरीत आकडे आले 90, 85, 60, 55, 80, सरासरी 74. एवढा फरक दिसला की थांबून कारण विचारायचं. सिस्टर म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे सगळ्याच करतात ही टेस्ट." तेव्हा 55 दिलेल्या रिटायर्ड बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे येतात त्या शिकून आलेल्या. आपल्या लॅबमध्ये नळ्या सगळ्या प्लॅस्टिकच्या, काचेची हातातच घेतली नसेल तर ती पोरगी ईडीटीए काढून टाकेल आणि मग तिघांत अडकेल." सिस्टर जरा गप्प झाल्या, मग स्वतःहूनच आकडा खाली आणला. दुसऱ्या फेरीत 70, 70, 65, 60, 70, सरासरी 67, म्हणजे ह्या एका प्रश्नाचे 0.67 मार्क.

असे पन्नासही प्रश्नांचे मार्क मिळवले की पासिंग मिळतं. पहिल्या फेरीत एकूण 31 येत होते, चर्चेनंतर 29.

एकमत व्हायलाच हवं असं नाही बरं का. कुणी आपल्या आकड्यावर ठाम राहिलं तर राहू द्यायचं. मात्र पहिला आकडा प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचा, नाहीतर डॉक्टर आधी बोलले की बाकीचे चौघं त्यांच्या मागे जातात. आणि उत्तरं आधी द्यायची नाहीत, जाणकारांनी पेपर स्वतः सोडवायचा. उत्तर समोर असलं की सगळंच सोपं वाटतं.

पहिल्या वर्षी आमची मोठी चूक झाली होती. काठावरच्या पोरीचं वर्णन फळ्यावर लिहिलंच नाही, प्रत्येकाने मनात कुणीतरी धरली, बहुतेकांनी वर्गातली हुशार, आणि पासिंग आलं 38! चांगलं काम करणाऱ्या पोरी त्यात नापास झाल्या. ते मला अजून लागतं.

आता निकालानंतर तपासतो. 27 ते 31 मार्क पडलेल्या पोरी वेगळ्या काढायच्या, त्या साधारण काठावरच्याच, आणि प्रत्येक प्रश्नाला त्यातल्या कितीजणींचं बरोबर आलं ते अंदाजाशेजारी लिहायचं. यंदा अशा नऊ होत्या, नळीच्या प्रश्नाला पाच जणी बरोबर, म्हणजे 67 च्या मानाने कमी, पण नऊ पोरींवरून त्या प्रश्नाचा अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. बऱ्याच प्रश्नांत मोठा फरक दिसला तर मात्र जाणकारांच्या मनातली पोरगी खऱ्या पोरीसारखी नव्हती असं समजायचं.

आणि हो, दुसरे पाच जण बसवले असते तर 28 किंवा 30 ही आलं असतं. म्हणून 28 वाल्या पोरींना आम्ही घरी पाठवत नाही, प्रॅक्टिकलला परत उभं करतो, हातात नळी देऊन. यंदा काचेच्या नळ्या आणल्यात, त्यामुळे पुढच्या वेळी ह्या प्रश्नाचे आकडे पाचही जणांकडून नव्याने घ्यावे लागतील.