५२५ पटीची दुर्बीण बदलून घेताना

भाचीला तिच्या आत्याने वाढदिवसाला दुर्बीण दिली. खोक्यावर शनीचा मोठा रंगीत फोटो आणि ठळक अक्षरांत '५२५ पट'. गच्चीवर लावली तर गुरूसुद्धा धरता येईना. पोरगी हिरमुसली. ताई म्हणाली, "तुला यातलं कळतं ना, मग बदलून आण."

दुकानात मालकाचं एकच पालुपद: "बिघाड दाखवा, मग बदलून देतो." बिल आमच्याकडे होतं, खोकं जसंच्या तसं होतं. तरी हा माणूस मध्येच दुसरं गिऱ्हाईक बघायचा आणि परत तेच म्हणायचा. आजही आठवलं की डोकं तापतं.

बिघाड खोक्यावरच छापलेला होता. मुख्य भिंगाचं नाभीय अंतर ७०० मिमी, डोळा लावायच्या भिंगांपैकी, म्हणजे आयपीसपैकी, सगळ्यात लहान ४ मिमीचा. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्यात तिप्पट करणारी बार्लो लेन्स घातली की ५२५. भागाकार-गुणाकार बरोबरच आहे, पण भिंगाचा व्यास आहे ६० मिमी. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच उपयोग, म्हणजे इथे १२०. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि अंधारतं, नवीन काही दिसत नाही. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे ५२५ पटीत ग्रह अर्ध्या मिनिटाच्या आत चौकटीबाहेर निघून जातो.

हे सांगून मालक ऐकेना, म्हणून मी दुर्बीण दुकानाच्या दारातच उभी केली. लांबच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर कंपनीचं नाव रंगवलेलं होतं. २० मिमीचा आयपीस लावला, म्हणजे ३५ पट. अक्षरं स्वच्छ. मग ४ मिमी आणि बार्लो लावली आणि मालकाला म्हटलं, "आता तुम्ही वाचून दाखवा." त्यांना करडा धूसर पट्टा दिसला. फोकसच्या चाकाला बोट लावलं की तोही उडून जायचा, कारण खालचा ट्रायपॉड काडीसारखा. त्यांनी मुलाला बोलावलं, त्यालाही जमलं नाही. शेवटी, "पैसे मिळणार नाहीत, दुसरी वस्तू घ्या." मला तेच हवं होतं.

तुम्हाला अशी दुर्बीण भेट आली असेल आणि बदलून मिळत नसेल तर फेकू नका. भिंग तितकं वाईट नसतं. फक्त २० मिमीचा आयपीस वापरा. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र दिसतील, शनीची कडीही कळेल. फाइंडर, म्हणजे नेम धरायची वरची छोटी दुर्बीण, मात्र दिवसाच लांबच्या टॉवरवर धरून मुख्य दुर्बिणीशी जुळवून ठेवा, रात्री ते काम अवघड जातं.

बदल्यात १०×५० ची, म्हणजे दहा पट आणि ५० मिमी भिंगांची, बायनॉक्युलर घेतली. हातात धरता येते, शोधायला सोपी, आणि कृत्तिकांचा पुंजका तिच्यातून जितका सुंदर दिसतो तितका त्या ५२५ पटीत कधीच दिसला नसता. दुकानातच लांबची तार बघा. एकाऐवजी दोन तारा दिसल्या किंवा डोळे ताणले गेले तर दुसरा नग मागा. हात थरथरतो म्हणून कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवायचे. हे भाचीला सांगावं लागलं नाही, तिचं तिनेच शोधलं.

सोबत फिरती तारका-तबकडी, म्हणजे तारीख-वेळ जुळवली की त्या वेळचं आकाश दाखवणारा गोल नकाशा, द्या, पण कोणत्या अक्षांशासाठी छापली आहे ते आधी बघा. परदेशी तबकड्या बहुधा ४० ते ५० अंश उत्तरेच्या असतात. ओळखायला सोपं: पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो आणि हिवाळ्यात दक्षिणेला अगस्त्य झळकतो. तबकडीवर ध्रुव आकाशाच्या मध्याकडे सरकलेला असेल आणि अगस्त्य नसेलच, तर ती आपल्या कामाची नाही. नकाशात पूर्व डावीकडे दिसली की मुलं गोंधळतात. तो डोक्यावर धरून बघायचा असतो.

रात्री नकाशा बघायला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दोन पदरी बांधला की झालं. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीसेक मिनिटं लागतात, पांढऱ्या उजेडात ती क्षणात वाया जातात.

मोठी दुर्बीण वर्षभराने, आवड टिकली तर. तेव्हा टेबलावर ठेवायची ११४ किंवा १३० मिमी आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली दुर्बीण, बघा, ती डुगडुगत नाही. पुण्यात असाल तर आधी ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला मुलांना घेऊन जा.

एक राहिलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काही स्वस्त खोक्यांत आयपीसला बसवायची छोटी काळी 'सूर्याची काच' असते. ती उष्णतेने तडकते आणि डोळा जातो. खोकं उघडताच ती काढून फोडून टाका.