कॅरम दुहेरी : राणी घेण्यापेक्षा ती कोणासाठी ठेवायची?

गेले काही आठवडे मी दुहेरीच्या सरावात एकाच प्रश्नावर भर दिला आहे: राणी समोर दिसत असताना ती केव्हा घेऊ नये? एकेरीत बचाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणे. दुहेरीत मात्र पाळी उजवीकडे जाते, म्हणजे माझ्यानंतर उजवीकडचा प्रतिस्पर्धी, मग समोरचा भागीदार आणि शेवटी डावीकडचा प्रतिस्पर्धी खेळतो. त्यामुळे माझ्या उजव्या हाताच्या पॉकेटला विशेष महत्त्व येते. तिथली सोंगटी उजवीकडच्याला अंगठ्याने मागे किंवा रिबाउंडनेच मारावी लागते. भागीदाराला मात्र ती समोरच्या टोकाला सरळ मिळते. डावीकडच्यालाही ती सोपीच असते, पण त्याची पाळी भागीदारानंतर येते.

परवाच्या डावात गुण १७–१४ होते. आमच्या तीन पांढऱ्या आणि त्यांच्या दोन काळ्या उरल्या होत्या. दोन पांढऱ्या याच उजव्या पॉकेटजवळ, तर तिसरी डाव्या पॉकेटपाशी माझ्या बेसलाइनच्या मागे होती. राणी मध्याच्या किंचित अलीकडे असल्याने मला सहज मिळाली असती, पण लगेच कव्हर करता येईल अशी एकही पांढरी मला सोपी नव्हती. कव्हर चुकले असते, तर राणी मध्यावर परतली असती आणि उजवीकडच्याने एक काळी, राणी व शेवटची काळी घेऊन आमच्या तीन सोंगट्या आणि राणीचे तीन असे सहा गुण नेले असते.

म्हणून स्ट्रायकर समोरच्या फ्रेमवरून परत आणून राणीला मागून हलकेच ढकलले आणि तिला उजव्या पॉकेटजवळ नेले. उजवीकडच्याने एक काळी घेतली. राणी बोर्डवर असताना शेवटची काळी घेणे म्हणजे बोर्ड गमावणे, म्हणून त्याने रिबाउंडने राणीचा प्रयत्न केला आणि तो हुकला. मग भागीदाराने राणी घेतली, जवळच्या पांढरीने कव्हर केले आणि उरलेल्या दोन्ही पांढऱ्याही टिपल्या. एक काळी अधिक राणी असे चार गुण मिळून आम्ही २१ वर गेलो. (आम्ही आधीच २२ वर असतो, तर राणीचे गुण धरलेच गेले नसते, आणि मी त्याहूनही सावध खेळलो असतो.)

या फटक्यात खरा धोका फाउलचा आहे. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत जड, तर सोंगटी साधारण साडेपाच ग्रॅमची असते. त्यामुळे पूर्ण टक्कर झाली, तर स्ट्रायकर राणीच्या मागोमाग त्याच पॉकेटकडे जातो. तो आत गेला, तर पाळी जाते आणि ड्यू म्हणून एक पांढरी बाहेर येते. ती बाहेरच्या वर्तुळात कुठे ठेवायची हे प्रतिस्पर्धी ठरवतात, आणि भागीदाराला तीनऐवजी चार सोंगट्या काढाव्या लागतात. म्हणून परतीचा स्ट्रायकर राणीच्या डाव्या अंगाला लागला पाहिजे, म्हणजे राणी उजवीकडे सरकते आणि स्ट्रायकर बेसलाइनच्या मध्याकडे येऊन थांबतो. स्ट्रायकरची अशी वाट मोकळी नसेल, तर मी हा फटका टाळतो आणि राणीला हात न लावता डावीकडची पांढरी थोडी मोकळी करून ठेवतो.